विरोध फ्लक्सला नाही, बदलाला

दादरला भाचीकडे गेलो होतो. ती सीईटीचा सराव करत बसली होती आणि एका प्रश्नाशी अडली होती. तांब्याची रिंग आडवी धरली आहे. वरून एक पट्टीचुंबक, उत्तर ध्रुव खाली करून, तिच्यातून सोडला. वरून पाहिलं तर रिंगमधली प्रवर्तित धारा कशी वाहील? पर्याय चार: सतत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, सतत उलट, आधी काट्यांप्रमाणे मग उलट, आधी उलट मग काट्यांप्रमाणे.

तिने ‘सतत उलट’वर खूण केली होती. "मामा, लेंझ म्हणजे विरोध ना? चुंबकाचं क्षेत्र खाली जातंय, म्हणजे रिंगचं क्षेत्र वर."

हा घोटाळा फार मुलांचा होतो. फॅरडेने 1831 मध्ये प्रवर्तन दाखवलं आणि त्यानंतर तीनच वर्षांत हाइनरिश लेंझने धारेच्या दिशेचा नियम मांडला. त्या नियमातला विरोध फ्लक्सला, म्हणजे रिंगमधून जाणाऱ्या चुंबकक्षेत्राच्या एकूण प्रमाणाला नाही, त्या फ्लक्समधल्या बदलाला आहे. वाढत असेल तर रिंग त्याच्या उलट क्षेत्र उभं करते. घटत असेल तर त्याच्याच दिशेने क्षेत्र देऊन घट भरून काढू पाहते.

आता चुंबकाबरोबर खाली येऊ. तो रिंगच्या वर आहे तोवर उत्तर ध्रुव रिंगकडे तोंड करून आहे. रिंगमधून फ्लक्स खाली जातोय आणि वाढतोय. म्हणून रिंगला वरच्या दिशेचं क्षेत्र हवं. उजव्या हाताचा अंगठा वर करा, बोटं वळतात ती धारेची दिशा. वरून पाहताना ती काट्यांच्या उलट येते. चुंबकाचा मध्य रिंगच्या पातळीत आला की फ्लक्स सर्वात जास्त असतो, पण त्या क्षणी तो ना वाढतोय ना घटतोय, म्हणून धारा शून्य. पुढे चुंबक खाली निघून जातो आणि दक्षिण ध्रुव रिंगच्या बाजूला उरतो. क्षेत्ररेषा दक्षिण ध्रुवात शिरतात, म्हणजे रिंगमधून फ्लक्स अजूनही खालीच जातोय, फक्त घटतोय. रिंग खालच्या दिशेने क्षेत्र देते आणि धारा काट्यांप्रमाणे फिरते. उत्तर चौथा पर्याय.

"पण माझ्या मैत्रिणीने चौथाच लिहिला होता," भाची म्हणाली. "ती म्हणाली, पलीकडे गेल्यावर दक्षिण ध्रुव आला, म्हणून क्षेत्र वर झालं. त्याला विरोध म्हणजे खाली."

मला हे ऐकून खरंच काळजी वाटली. क्षेत्राची दिशा चुकली, शिवाय विरोध बदलाऐवजी क्षेत्राला धरला. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं. अशी चूक पकडायची तर प्रश्न थोडा हलवावा लागतो. तोच चुंबक रिंगच्या खाली आहे, आता त्याला वर ओढा. फ्लक्स पूर्वीसारखाच खाली, पण वाढतोय, म्हणून धारा काट्यांच्या उलट. मैत्रिणीच्या रीतीने मात्र पुन्हा काट्यांप्रमाणेच येते, कारण त्या रीतीत चुंबक कुठे आहे एवढंच पाहिलं जातं, तो कुठे चाललाय हे नाही. चुंबक खाली स्थिर धरला तरी ती रीत धारा दाखवेल, प्रत्यक्षात ती शून्य असते.

मला या प्रयोगातला सर्वात आवडणारा भाग परीक्षेत क्वचित येतो. प्रवर्तित विद्युतदाबाचा काळाशी आलेख काढला तर एक उंचवटा आणि एक खड्डा दिसतो. पडताना चुंबकाचा वेग वाढत जातो, म्हणून दुसरा भाग जास्त खोल आणि अरुंद असतो. पण दोघांखालचं क्षेत्रफळ सारखंच! फ्लक्स शून्यापासून जितका चढला तितकाच उतरला. म्हणून रिंगमधून एका दिशेने जेवढा विद्युतप्रभार वाहिला, तेवढाच परत उलटा वाहतो.

येताना रिंग चुंबकाला वर ढकलते, जाताना वर खेचते. म्हणजे दोन्ही वेळा अडवतेच. मुंबईत लोहार चाळीच्या बाजारात तांब्याचा नळ मिळाला तर त्यातून ताकदवान निओडिमियम चुंबक सोडून पाहा. मोकळा पडला तर मीटरभर अंतर साधारण 0.45 सेकंदात कापेल, नळातून मात्र सावकाश तरंगत उतरतो. हरवलेली ऊर्जा नळात उष्णता होते. धारेची दिशा उलटी असती तर चुंबक आपोआप वेग घेत गेला असता आणि ऊर्जा फुकट मिळाली असती. फिरत्या चुंबकांवर कायम दिवा पेटता ठेवणारे व्हिडिओ फिरतात, ते या एका कारणाने खोटे आहेत. धारा घेतली की चुंबकाला अडवणारं बल येतंच.

भाचीने शेवटी एक गोष्ट स्वतःहून विचारली, "आणि खालून पाहिलं तर?" तर शब्द उलटतात. वरून जी काट्यांप्रमाणे, तीच खालून काट्यांच्या उलट दिसते. धारा तीच, पर्याय मात्र तिसरा होतो. आता ती आकृतीत आधी डोळा काढते, मग फ्लक्सचा बाण, मग त्याच्याशेजारी ‘वाढतोय’ किंवा ‘घटतोय’, आणि मगच अंगठा उचलते.