किती गेले आणि कोण गेले: अ‍ॅट्रिशनच्या आकड्याची पार्श्वभूमी

नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण मोजायची सवय कारखान्यांतून आली, आणि तीही बऱ्यापैकी उशिरा. १९१३ साली फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात साधारण १४ हजार माणसं कामाला होती. एवढी माणसं टिकवायला वर्षभरात ५२ हजारांहून जास्त नेमणुका कराव्या लागल्या. एकाला दुसऱ्याने भागलं की येतात सुमारे ३७० टक्के. शंभराच्या वर जाणारा दर ऐकून अजूनही काहींना गणित चुकल्यासारखं वाटतं, पण एकाच जागेवर वर्षात चार माणसं येऊन गेली तर असंच होणार.

त्या ३७० टक्क्यांपेक्षा मला फोर्डच्या नोंदीतला एक तपशील जास्त बोलका वाटतो. मार्च १९१३ मध्ये सुमारे ७,३०० जण कमी झाले. त्यांत कंपनीने काढलेले थोडे होते, रीतसर राजीनामा देणारे त्याहून थोडे. सुमारे सत्तर टक्के लोक न सांगता यायचे बंद झाले होते. सलग पाच दिवस गैरहजर राहिला की नाव कमी, असा नियम असल्यामुळे त्यांना ‘पाच दिवसवाले’ म्हणत. म्हणजे ‘किती गेले’ याच्या जोडीला ‘कसे गेले’ हा रकाना तेव्हाच होता. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांचं काम जाहीर केलं. त्या वर्षी दर ५४ टक्क्यांवर उतरला, पुढच्या वर्षी १६ वर.

त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या मॅग्नस अलेक्झांडर यांनी बारा कारखान्यांचे १९१२ चे आकडे तपासले. वर्षभरात माणसं ३७,२७४ वरून ४३,९७१ वर गेली होती, म्हणजे खरी वाढ ६,६९७. नेमणुका मात्र ४२,५७१. अलेक्झांडर यांनी उरलेल्या सगळ्या नेमणुका सरसकट वाया गेल्या असं धरलं नाही. मृत्यू, दीर्घ आजार, ज्यांना काढणं रास्तच होतं असे लोक, यांच्यासाठी त्यांनी सूट दिली आणि तरीही २२ हजारांहून जास्त नेमणुका टाळता आल्या असत्या असं दाखवलं. सगळं जाणं सारखं नसतं, हा विचार या सूट देण्यातच आहे.

व्याख्या ठरायला आणखी थोडा वेळ लागला. भागायचं कशाने, वर नवीन भरती धरायची की गेलेले, यावर वाद होते. १९१८ मध्ये रोचेस्टरला भरलेल्या एम्प्लॉयमेंट मॅनेजरांच्या परिषदेने निकाल लावला: त्या काळात गेलेले सगळे, भागिले त्या काळातली सरासरी पटसंख्या. आज एचआरच्या शीटमध्ये आपण तेच सूत्र भरतो.

मग मोठी कलाटणी आली ती १९८१ मध्ये. डॅन डाल्टन, डेव्हिड क्रॅकहार्ट आणि लायमन पोर्टर या संशोधकांनी एका बँकेच्या १९० शाखांमधून गेलेल्या १,३८९ टेलरांबद्दल, म्हणजे काउंटरवर रोखीचे व्यवहार करणाऱ्यांबद्दल, त्यांच्या वरिष्ठांना विचारलं. दर सुमारे ३२ टक्के होता. पण ‘हा माणूस परत घ्याल का, कामाला कसा होता’ हे पाहिल्यावर बँकेचं खरं नुकसान करणारी गळती सुमारे १८ टक्के निघाली, आणि ‘याच्या जागी दुसरा मिळणं कितपत अवघड’ हा निकष लावल्यावर सुमारे ९. हल्ली कंपन्यांत ज्यांच्या जाण्याने नुकसान होतं ते ‘रिग्रेटेड’ आणि बाकीचे ‘नॉन-रिग्रेटेड’ असे जे दोन रकाने दिसतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे. मात्र एकाच गळतीचे १८ आणि ९ असे दोन आकडे येतात, म्हणजे कोणता प्रश्न विचारला यावर उत्तर ठरतं. हे सोयीस्कर विसरलं जातं.

एक कल्पित कंपनी घेऊन हे नीट पाहू. वर्षाच्या सुरुवातीला १९०, अखेरीला २१०, वाढ वर्षभर सारखी, म्हणून सरासरी २००. वर्षात ४० गेले: दर २० टक्के. त्यांतले ९ कंपनीने काढले, ३ निवृत्त झाले, २८ स्वतःहून गेले. स्वेच्छेने जाण्याचा दर १४ टक्के. त्या २८ जणांपैकी १२ जणांचं जाणं कंपनीला महागात पडलं, म्हणून रिग्रेटेड दर ६ टक्के. मीटिंगमध्ये हा सहाचा आकडा आला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

इथेच घाई होते. बारांना दोनशेने भागलं, पण ते बारा दोनशेंमधून सहज उचललेले नव्हते; ते कंपनीच्या कसदार गटातले होते. असा गट सरासरी ६० जणांचा असेल तर १२ भागिले ६०, म्हणजे २० टक्के. उरलेल्या १४० मधून स्वतःहून १६ गेले, म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. चांगली माणसं इतरांच्या जवळजवळ पावणेदोनपट वेगाने जात आहेत, आणि सहा टक्क्यांच्या आकड्यात त्याचा मागमूसही नाही. छेद बदलल्याशिवाय हे दिसत नाही.

दुसरी अडचण शिक्क्याची. राजीनामा आल्यावर मॅनेजरला विचारलं तर उत्तर फिरतं. ज्याला थांबवता आलं नाही त्याच्याबद्दल ‘तसा तो काही खास नव्हताच’ असं म्हणणं माणसाला सोपं जातं, विशेषतः रिग्रेटेड दर मॅनेजरच्या स्वतःच्या मूल्यमापनात मोजला जात असेल तर. आपल्या उदाहरणात समजा मॅनेजरांनी १२ पैकी ५ जणांनाच रिग्रेटेड म्हटलं. हे पकडायचं तर जाण्याआधीच्या नोंदी काढायच्या: शेवटची दोन रेटिंग्ज, नुकती झालेली बढती, नोटीस पिरियडमध्ये त्याला थांबवायला पगारवाढ देऊ केली होती का. पगारवाढ देऊ केली आणि नंतर ‘नॉन-रिग्रेटेड’ लिहिलं, तर शिक्का खोटा. त्याहून बरी पद्धत म्हणजे दर सहा महिन्यांनी, कोणी राजीनामा दिलेला नसताना, मॅनेजरने आपल्या टीममधल्या प्रत्येकाबद्दल ‘हा उद्या निघाला तर थांबवायला धडपडेन का’ याचं हो-नाही लिहून ठेवायचं. नंतर जे जातील त्यांना तीच जुनी नोंद लागू.

‘निरोगी’, म्हणजे नुकसान न करणाऱ्या, गळतीकडेही एकदा पाहावं. त्या १६ जणांतले ९ जण रुजू झाल्यापासून वर्षाच्या आत गेले असतील तर त्यांच्या जाण्याने कंपनीचं बिघडलं नाही हे खरं, पण मग त्यांना घेतलं कशाला? हा प्रश्न भरती करणाऱ्यांना विचारायचा आहे, आणि एकूण दरात तो कधीच वर येत नाही. म्हणून प्रत्येक जाण्याशेजारी किती काळ टिकला हे लिहावं.

लहान टीमच्या टक्केवारीवर मात्र भिस्त ठेवू नये. आठ जणांच्या टीममधून एका तिमाहीत दोघं गेले की तिमाही दर २५ टक्के, आणि कोणीतरी त्याला चारने गुणून स्लाइडवर वार्षिक शंभर टक्के लिहितो. तिथे दोन नावं आणि दोन कारणं लिहिलेली जास्त उपयोगी. मोठ्या गटात टक्केवारी पाहताना मागच्या बारा महिन्यांची सरकती बेरीज घ्यावी, म्हणजे बोनस मिळाल्यावर एकदम येणारे राजीनामे एका तिमाहीलाच वाकवत नाहीत.