पी/ई सहा, तरीही शेअर महाग

शेअरच्या भावाला प्रतिशेअर वार्षिक नफ्याने भागले की पी/ई मिळतो. पोलाद कंपनीचा पी/ई ६ आणि साबण बनवणाऱ्या कंपनीचा ४० दिसला की पोलाद स्वस्त वाटते. पण हा ६ कोणत्या वर्षाच्या नफ्यावर काढला आहे, ते आधी पाहायला हवे.

समजा पोलाद कंपनीची विक्री १०००, खर्च ८५० आणि नफा १५० आहे (कर सोयीसाठी बाजूला ठेवू). सगळ्या शेअर्सचे मिळून बाजारमूल्य ९००, म्हणून पी/ई ६. आता जगभरात मागणी मंदावली आणि पोलादाचा भाव फक्त १० टक्क्यांनी उतरला. विक्री ९०० झाली, पण भट्टी तीच, पगार तेच, कर्जाचे व्याज आणि घसाराही तेवढाच. खनिज आणि कोळसा स्वस्त झाला नाही, तर खर्च ८५० वरच राहतो आणि नफा ५० वर येतो. शेअर एक तृतीयांश पडून बाजारमूल्य ६०० झाले, तरी पी/ई १२ होतो. म्हणजे शेअर पडला आणि पी/ई दुप्पट झाला! तेजीच्या शिखरावरचा ६ फसवा होता. हा नफा टिकणार नाही, हे बाजाराने भावात आधीच धरले होते.

साबणाची मागणी अशी हेलकावत नाही. शिवाय त्या धंद्यात वाढीसाठी भांडवल कमी लागते. भागभांडवलावर ४० टक्के परतावा मिळत असेल, तर वर्षाला ६ टक्के वाढ साधायला नफ्यातला १५ टक्के भाग पुन्हा गुंतवला की पुरते. परतावा १२ टक्के असलेल्या पोलाद कंपनीला तेवढ्याच वाढीसाठी निम्मा नफा नव्या भट्ट्यांत घालावा लागतो. सारख्याच नफ्यातून भागधारकाच्या हाती येणारा पैसा असा वेगळा असतो, म्हणून साबण कंपनीचा पी/ई जास्त असणे रास्तच आहे. मात्र तो ४० असावा की २५, हे या तुलनेतून कळत नाही.

चक्रीय धंद्यात एका वर्षाऐवजी संपूर्ण चक्राचा सरासरी नफा घ्यावा. आपल्या कंपनीचे पाच वर्षांचे आकडे ९०, ३०, तोटा २०, ५० आणि १५० असतील, तर बेरीज ३०० आणि सरासरी ६०. सुरुवातीच्या ९०० ला ६० ने भागले की १५ येतात, ६ नव्हे. तोट्याचे वर्ष गाळू नका. ते गाळले की सरासरी ८० होते आणि पी/ई उगाच ११ च्या आसपास दिसतो. कंपनीने मध्यंतरी नवा कारखाना उभारला असेल, तर जुन्या वर्षांचे नफे तसेच्या तसे घेता येत नाहीत. तेव्हा दर वर्षीचे विक्रीवरील नफ्याचे प्रमाण काढून त्याची सरासरी आजच्या विक्रीला लावावी. यंदाचे प्रमाण त्या सरासरीच्या दुप्पट असेल, तर पडद्यावरच्या कमी पी/ईवर विसंबू नये.