क्वार्टर प्लेटचं लिफ्टिंग होल कुठे मारायचं? – आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यावर क्वार्टर सर्कल प्लेटचं काम बऱ्यापैकी येतं. जिन्याचं वळण, मेझनीनचा कोपरा, मशीनखालचा बेस असं काहीतरी असतं. साइटवर जागा अरुंद, म्हणून ग्राहक सांगतात की मध्ये एकच आयबोल्ट लावू, चेन ब्लॉकला अडकवू आणि आडवी उचलून जागेवर सोडू. कल्पना चांगली आहे. फक्त ते होल सीजीवर, म्हणजे सेंट्रॉइडवर, हवं. ड्रॉइंगवर ते बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी असतं आणि दरवेळी चूक तीच असते. फोनवर समजावण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

आधी उत्तर देतो, घाईत असलेल्यांना तेवढं पुरेल. दोन्ही सरळ कडांपासून आत 0.4244 R इतकं अंतर घ्या. R म्हणजे प्लेटचा रेडियस. १२०० मिमी रेडियसच्या प्लेटला हे अंतर ५०९ मिमी येतं, दोन्ही बाजूंनी सारखंच.

आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर मात्र ५६६ लिहिलेलं असतं. ते कुठून येतं तेही सांगतो, कारण त्यामागचा विचार अर्धा बरोबर आहे. ग्राहक म्हणतो, प्लेट दोन्ही बाजूंनी सारखी आहे, तेव्हा सीजी ४५ अंशांच्या रेषेवरच असणार. हे शंभर टक्के खरं. मग तो म्हणतो, कोपऱ्यापासून त्या रेषेवर दोन तृतीयांश रेडियस मोजा, म्हणजे ८०० मिमी. गाडी घसरते ती इथे. ८०० गुणिले cos 45° केलं की ५६५.७ मिळतात, आणि होल त्याच मापावर मारून मागतात.

हे दोन तृतीयांश हवेतून आलेलं नाही. कोपऱ्यापासून कमानीपर्यंत जाणारी एक अगदी बारीक फाक घेतली, तर ती जवळपास त्रिकोणच असते आणि तिचा सीजी टोकापासून दोन तृतीयांशावरच पडतो. पण प्लेटमध्ये अशी एकच फाक नाही. शून्यापासून ९० अंशांपर्यंत फाका पसरलेल्या आहेत, आणि प्रत्येकीचा सीजी आपापल्या दिशेला ८०० मिमीवर आहे. हे सगळे बिंदू जोडले की ८०० रेडियसची एक कमान तयार होते. सगळ्या प्लेटचा भार जणू त्या कमानीवर सारखा वाटलेला आहे. बांगडीचा पाव तुकडा हातात घेऊन पाहा, त्याचा तोल तुकड्याच्या अंगावर नसतो, आतल्या मोकळ्या जागेत असतो. या कमानीचंही तसंच होतं. म्हणून खरा सीजी ८०० वर नाही, तर ४५ च्या रेषेवर ७२० मिमीवर आहे. ग्राहकाचं होल ८० मिमी बाहेर, कमानीच्या बाजूला गेलेलं असतं.

हेच पोलरमध्ये इंटिग्रेट करून बघितलं की शंका उरत नाही. साइट इंजिनिअर मंडळींनी पहिल्या वर्षाला हे केलेलंच असतं, तेव्हा पायऱ्या थोडक्यात देतो. x, y घेऊन बसलात तर वर्गमुळं येतात. पोलरमध्ये मर्यादा सरळ आहेत: r शून्यापासून R पर्यंत, θ शून्यापासून π/2 पर्यंत. कोपरा हाच उगम.

```
dA = r dr dθ
A = ∫∫ r dr dθ = (R²/2) × (π/2) = πR²/4
∫∫ x dA = ∫∫ (r cosθ) r dr dθ
        = (∫ r² dr) × (∫ cosθ dθ)
        = (R³/3) × 1
x̄ = (R³/3) ÷ (πR²/4) = 4R/(3π) = 0.4244 R
```

ȳ साठी cosθ च्या जागी sinθ येतो आणि उत्तर तेच.

याच उत्तराचे दोन भाग करून बघा: 4R/(3π) म्हणजे (2R/3) × (2/π). पहिला भाग तोच, ग्राहकाचा लाडका दोन तृतीयांश. दुसरा भाग 2/π, म्हणजे 0.637, ही शून्य ते ९० अंशांमधली cosθ ची सरासरी आहे. ग्राहक तिथे 0.707, म्हणजे फक्त मधल्या ४५ अंशांचा cos, घालतो. सगळ्या कोनांची सरासरी आणि मधल्या कोनाची किंमत एकच असेल असं गृहीत धरलं जातं, पण cos चा आलेख सरळ रेषा नाही, वरच्या बाजूला फुगलेला आहे. त्यामुळे मधली किंमत सरासरीपेक्षा नेहमी जास्त भरते. ५७ मिमीचा फरक येतो तो एवढ्यावरून.

दुसरी चूक कमी दिसते, पण जास्त महागात पडते. dA लिहिताना आतला r विसरतात आणि नुसतं dr dθ घेतात. क्षेत्रफळातही विसरले आणि ∫∫ x dA मध्येही, तर उत्तर R/π येतं, म्हणजे १२०० ला ३८२ मिमी. एकक बरोबर, आकडा दिसायला बरा, म्हणून संशय येत नाही. फक्त एकाच ठिकाणी विसरलात तर मिलिमीटरचा हिशेब जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे सापडते.

तो r का लागतो हे लोखंडातच दिसतं. १२०० ची प्लेट ३००-३०० मिमीच्या चार पट्ट्यांत विभागा, सगळ्यांचा मध्य कोपऱ्यावर. जाडी २० मिमी असेल तर चौरस मीटरला १५७ किलो. कोपऱ्यालगतचा तुकडा ११ किलोचा, पुढची पट्टी ३३ ची, मग ५५ ची आणि कमानीकडची ७८ किलोची. रुंदी सगळ्यांची सारखी, पण वजन १, ३, ५, ७ या पटीत. r विसरणं म्हणजे या चारही पट्ट्या सारख्याच वजनाच्या धरणं, आणि मग सीजी कोपऱ्याकडे ओढला जाणारच.

आता साइटवर काय होतं ते पाहू. पूर्ण प्लेट जवळपास १७८ किलोची भरते. आयबोल्टच्या कड्यात हुक जिथे टेकतो ती जागा प्लेटच्या जाडीच्या मध्यापासून १०० मिमी वर आहे असं धरा. होल ८० मिमी चुकलेलं असेल तर उचलल्यावर प्लेट जवळपास ३९ अंश तिरकी होते, कारण सीजी हुकच्या बरोबर खाली येईपर्यंत ती फिरत राहते. ८० भागिले १०० चा टॅन्जंट उलटा काढला की हा कोन मिळतो. इतकी तिरकी प्लेट जिन्याच्या कोपऱ्यात बसत नाही. कोणीतरी हाताने दाबून धरायला जातो आणि आमची खरी काळजी तीच आहे. होल ५ मिमीच चुकलं तर कल तीन अंशांच्या आत राहतो, तो चालून जातो. म्हणजे मिलिमीटरच्या दशांशासाठी जीव काढायची गरज नाही, सूत्र बरोबर असलं की झालं.

प्लेट कुठल्या बाजूला कलते यावरून चूकही ओळखता येते. कोपरा खाली गेला असेल तर होल कमानीकडे सरकलंय, म्हणजे दोन तृतीयांशवाली चूक. कमान खाली गेली असेल तर होल कोपऱ्याजवळ आहे, म्हणजे बहुधा r विसरलाय. फोनवर आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो.

खात्री करायची असेल तर जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या आणि १२० मिमी रेडियसचा पाव वर्तुळ कापा. एका टोकाजवळ टाचणीने लटकवा, टाचणीवरूनच दोरा आणि नट सोडा, रेघ मारा. मग दुसऱ्या टोकाजवळून तसंच करा. दोन रेघा कडांपासून ५१ मिमीवर छेदतील, ५७ वर नाही. आमच्या काउंटरवर असा पुठ्ठा ठेवलेला आहे, वाद घालण्याऐवजी तोच दाखवतो.

सूत्र कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. जाडी एकसारखी आणि प्लेट मोकळी असेल तरच 0.4244. खाली स्टिफनर वेल्ड करून पाठवायला सांगितलं असेल तर सीजी सरकतो, मग तुकड्यातुकड्यांनी हिशेब करावा लागतो. लिफ्टिंग होल बरोबर सीजीवर असेल तर त्या होलमुळे सीजी हलत नाही, पण इतर मोठी होलं असतील तर ती धरावी लागतात. सगळ्यात जास्त येणारा प्रकार म्हणजे कॉलम किंवा पाइपसाठी कोपरा गोल कापलेली प्लेट. इथे पोलरची सोय कळते, कारण r ची खालची मर्यादा शून्याऐवजी कापाचा रेडियस a घेतली की काम झालं:

```
x̄ = (4/(3π)) × (R³ − a³) / (R² − a²)
```

R १२०० आणि a ३०० ठेवा, उत्तर ५३५ मिमी येतं. कापलेल्या प्लेटला साध्या प्लेटचं ५०९ लावलं तर होल तिरप्या अंतरात ३६ मिमी चुकतं आणि तेवढ्याच उंचीच्या आयबोल्टवर प्लेट २० अंश कलते. हे माप असलेलं ड्रॉइंग आम्ही मशीनवर घेत नाही, परत विचारतो. काहींना तो उशीर वाटतो. पण २० मिमी प्लेटमधलं चुकीचं होल प्लग वेल्ड करून, ग्राइंड करून नवीन मारायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि त्याचं बिल तुम्हालाच लागतं.

म्हणून आमची पद्धत अशी. होलचं माप दोन्ही सरळ कडांपासून द्या, तिरपं किंवा कमानीपासून नको. मशीनचा शून्य आम्ही कोपऱ्यावर धरतो, कोपरा कापलेला असेल तर दोन्ही कडा वाढवून जिथे मिळतात तिथे. मापच दिलं नाहीत तरी चालेल, रेडियस, जाडी आणि कापांची मापं कळवा. सीजी आम्ही काढतो आणि प्लेटवर सेंटर पंच मारून देतो, त्याचे पैसे घेत नाही. कटिंग दुसरीकडे करून आणलं असेल तरी पंच मारून देऊ, फक्त प्लेट टेम्पोतून उतरवायला माणसं तुमची. होल, टॅपिंग आणि आयबोल्ट हवा असेल तर ते ऑर्डरमध्येच लिहा, म्हणजे प्लेट दोनदा मशीनवर चढवावी लागत नाही आणि सेटिंगचा खर्च एकदाच पडतो.