इलेक्ट्रॉन उडी मारतो, तरी नाव ‘अडायबॅटिक’

इंदूरला हिंदी माध्यमातून बारावी केलेल्या मराठी मुलाच्या डोक्यात ‘अडायबॅटिक’ या शब्दाचा अर्थ पक्का बसलेला असतो: रुद्धोष्म, म्हणजे जिथे उष्णता अडवलेली आहे असं काहीतरी. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि एमएस्सीला इंग्रजी पुस्तकं, असा त्याचा प्रवास. मग एके दिवशी रेणूंच्या पुंजयामिकीत ‘अडायबॅटिक अ‍ॅप्रॉक्झिमेशन’ येतं आणि तो विचारतो, “सर, इथे उष्णता कुठे आहे?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता विषयाची सुरुवातच त्याच्यापासून करतो. कारण पुढचा सगळा घोळ या शब्दातच आहे.

शब्द ग्रीक, अर्थ ‘पलीकडे जाऊ न देणारा’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो वाफेच्या आणि वायूच्या यंत्रांबरोबर आला, आणि तिथे उष्णतेला भिंत ओलांडू न देणं हाच त्याचा अर्थ होता. व्यवहारात ही क्रिया बहुधा झटपट होते. सायकलचा पंप जोरात मारला की नळी तापते, कारण उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. १९११ मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत वेगळाच प्रश्न निघाला. लंबक हलतो आहे आणि त्याची दोरी हळूहळू आखूड केली, तर त्याची पुंजसंख्या बदलेल का? उत्तर आलं, नाही. ऊर्जा आणि वारंवारता दोन्ही वाढतात, पण त्यांचं गुणोत्तर तसंच राहतं. पुढच्या काही वर्षांत या ‘हळूहळू’ला अडायबॅटिक म्हणू लागले, आणि १९२८ मध्ये नव्या पुंजयामिकीत त्याची रीतसर सिद्धता झाली. म्हणजे ज्या शब्दाचं रोजचं उदाहरण झपाट्याने मारलेला पंप होतं, तोच आता अतिसंथ बदलाचा झाला. न ओलांडण्याची भिंत मात्र कायम राहिली. उष्णतेऐवजी आता एका पुंजावस्थेतून दुसरीत जायला बंदी आहे, एवढंच.

केंद्रक जड, इलेक्ट्रॉन हलका, म्हणून केंद्रक जागच्या जागी धरून इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढायची आणि तीच केंद्रकांसाठी स्थितिज ऊर्जा मानायची, हे वाचकाला माहीत आहे असं धरतो. या रीतीला बॉर्न आणि ओपनहायमर या ज्या दोघांची नावं चिकटली आहेत, त्यांचा १९२७ चा लेख मात्र पाठ्यपुस्तकातल्यासारखा नाही. त्यात वस्तुमानांच्या गुणोत्तराचं चौथं मूळ ही लहान राशी घेऊन मालिका मांडली आहे. हायड्रोजनच्या केंद्रकासाठी ती राशी सुमारे ०.१५ येते, म्हणजे काही फार लहान नाही. लेखाचं खरं यश हे की इलेक्ट्रॉनची, कंपनाची आणि परिभ्रमणाची ऊर्जा एकाखालोखाल एक लहान का असते, ते त्यातून आपोआप निघतं. आज आपण फळ्यावर ज्या रूपात हे लिहितो, म्हणजे तरंगफलाचा विस्तार इलेक्ट्रॉनच्या अवस्थांमध्ये करून एकच पद ठेवतो, ते रूप त्या दोघांपैकी ज्येष्ठाने १९५० च्या दशकात मांडलं. नावं १९२७ ची आणि सूत्रं नंतरची, हे बहुतेक टिपणांमध्ये सांगतच नाहीत. माझ्या मते सांगायला हवं, कारण मोडतं कुठे ते नंतरच्या रूपातच स्पष्ट दिसतं. आपण टाकून दिलेली पदं दोन अवस्थांच्या ऊर्जांमधल्या फरकाने भागलेली असतात. केंद्रक कितीही जड असू द्या, हा फरक शून्याकडे गेला की टाकून दिलेलं पद डोक्यावर बसतं.

मग फरक शून्याकडे जातो कुठे? १९२९ मध्ये दाखवलं गेलं की दोन अणूंच्या रेणूत एकाच सममितीचे ऊर्जेचे दोन वक्र सहसा एकमेकांना छेदत नाहीत. छेदायला दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात आणि हातात बदलायला अंतर हे एकच असतं. ते जवळ येतात आणि अंग चोरून वळतात. त्या वळणावर प्रत्यक्षात काय होतं याचं सूत्र १९३२ मध्ये चार जणांनी स्वतंत्रपणे काढलं. त्यातल्या दोघांची नावं रूढ झाली, उरलेल्या दोघांची कमी ऐकू येतात.

आता एक रेणू घेऊ, सोडियम आयोडाइडचा. पाण्यात तो आयन देतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वायुरूपात एकच रेणू घेऊन हळूच ओढला तर शेवटी आयन नव्हे, साधे अणू हाती येतात. हिशेब सोपा आहे. सोडियममधून इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आयोडीनला तो दिला की ३.०६ परत मिळतात. घाटा २.०८ चा. हा घाटा दोन विरुद्ध भारांच्या आकर्षणाने भरून निघतो, आणि अँगस्ट्रॉममध्ये अंतर घेतलं तर ते आकर्षण १४.४ भागिले अंतर इतकं असतं. १४.४ ला २.०८ ने भागलं की ६.९ अँगस्ट्रॉम येतात. त्याच्या आत आयनांची जोडी स्वस्त, बाहेर अणूंची जोडी स्वस्त. रेणूचं नेहमीचं अंतर २.७ आहे, म्हणून नेहमी तो आयनिक असतो. आयनिक आणि सहसंयुज असे दोन वक्र ६.९ पाशी भेटतात आणि वर सांगितल्याप्रमाणे वळतात. खालच्या वक्रावरून बाहेर निघालात तर आत आयन, बाहेर अणू. वरच्यावर नेमकं उलटं.

इथे शब्दाची गंमत होते. खालच्याच वक्रावर राहणं म्हणजे अडायबॅटिक, ‘न ओलांडणं’. पण त्यासाठी ६.९ अँगस्ट्रॉमवर इलेक्ट्रॉनला एका अणूवरून दुसऱ्यावर सात अँगस्ट्रॉमची उडी मारावी लागते. उलट इलेक्ट्रॉन ज्या अणूवर होता तिथेच बसून राहिला, काहीच झालं नाही, तर त्याला नॉनअडायबॅटिक म्हणायचं. म्हणजे ‘न-न-ओलांडणारं’, आणि त्यात इलेक्ट्रॉनने काहीच ओलांडलेलं नसतं! १९६० च्या दशकात टक्करशास्त्रवाल्यांनी कंटाळून दोन्ही नकार काढले आणि आपापल्या स्वभावाला धरून सरळ जाणाऱ्या वक्रांना ‘डायबॅटिक’ म्हटलं. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मला मात्र आजही वर्गात हे सांगताना फळ्यावर उडी मारणारा इलेक्ट्रॉन काढावा लागतो. हिंदीतल्या ‘रुद्धोष्म’मधून तर हे काहीच उमगत नाही.

उडी बसते की चुकते, हे वेगावर ठरतं. ३१० नॅनोमीटरचा प्रकाश रेणूला सहसंयुज वक्रावर चढवतो. त्या प्रकाशात ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात आणि रेणू तोडायला सुमारे ३.१ लागतात. उरलेल्या ०.९ मध्ये दोन अणू सेकंदाला साधारण ३ किलोमीटर वेगाने, म्हणजे फेम्टोसेकंदाला ०.०३ अँगस्ट्रॉमने, दूर जातात. वक्रांमधली जोडणी, म्हणजे दोन अवस्था एकमेकींत किती मिसळतात याचं माप, सुमारे ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर वळणावर दोन वक्रांमधलं अंतर ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एवढ्या फरकात इलेक्ट्रॉनला एका अणूकडून दुसऱ्याकडे जाऊन परत यायला सुमारे ४१ फेम्टोसेकंद लागतात. वळणाची पट्टी ०.६७ अँगस्ट्रॉम रुंद, ती ओलांडायला लागतात २२. म्हणजे इलेक्ट्रॉनचा जेमतेम अर्धा झोका होतो आणि केंद्रक निघून जातात. इथे केंद्रक ‘फार संथ’ आहेत असं म्हणायची सोयच नाही. आता सूत्र लावू:

P = exp(−2πH²/ħv|ΔF|)

H म्हणजे ती जोडणी, v वेग आणि ΔF दोन वक्रांच्या उतारांमधला फरक, इथे अँगस्ट्रॉममागे ०.३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. घातांक −२.६५ येतो आणि P सुमारे ७ टक्के. एवढ्या वेळा उडी चुकते आणि रेणू मोकळ्या अणूंमध्ये फुटतो. बाकी ९३ टक्के वेळा इलेक्ट्रॉन उडी मारतो, अणू आयन होतात, आकर्षणाने मागे ओढले जातात आणि पुन्हा तीच फेरी सुरू. जोडणी ०.०५ ऐवजी ०.०६ धरली तर ७ चे २ टक्के होतात. वर्ग आणि तोही घातांकात, म्हणून एवढ्याशा फरकाने उत्तर तिपटीहून जास्त हलतं. कोणी हा आकडा दशांश चिन्हापुढे दोन घरं देऊन लिहून आणला तर मी जोडणी कुठून घेतली ते आधी विचारतो.

हे प्रत्यक्ष बघायला १९८० च्या दशकाचा शेवट उजाडला. एका लेझर स्पंदाने रेणू चढवायचा आणि दुसऱ्याने थोड्या उशिराने डोकवायचं. दुसऱ्या स्पंदाचा रंग ५८९ नॅनोमीटर ठेवला की मोकळा सोडियम अणू ओळखता येतो. वरण उतू जाऊन मिठाचं पाणी गॅसवर पडलं की ज्योत पिवळी होते, तोच हा पिवळा. मोकळ्या सोडियमचा संकेत सरळ चढत नव्हता, पायऱ्या पायऱ्यांनी चढत होता. पायऱ्यांमधला वेळ सुमारे सव्वा पिकोसेकंद, रेणूच्या एका फेरीचा. दर फेरीला साधारण दहावा हिस्सा गळत होता, म्हणजे वरच्या हिशेबाच्या आसपासच. दोन वक्रांमधून होणारी ही गळती काळात उलगडलेली प्रथम अशी दिसली, आणि १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तंत्राला मिळालं.

संगणकावर हे मोडलेलं ओळखायचं असेल तर ऊर्जेपेक्षा द्विध्रुव आघूर्ण बघावं. ऊर्जेचा वक्र वळणावर गुळगुळीत दिसतो आणि माणूस फसतो. खालच्या अवस्थेचं द्विध्रुव आघूर्ण मात्र अंतराबरोबर ३० डिबायच्या वर चढतं आणि ६.९ च्या आसपास अर्ध्याएक अँगस्ट्रॉममध्ये कोसळतं. जिथे अवस्थेचा स्वभाव असा पलटतो, तिथे एका वक्रावरचं गणित पुरत नाही. डायबॅटिक वक्र बनवायलाही बरेच जण याच राशीचा आधार घेतात. ‘आधार’ म्हणतो, कारण तीन किंवा जास्त अणूंच्या रेणूत काटेकोर अर्थाने डायबॅटिक अवस्था सहसा नसतातच, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं आहे. तिथे बदलायला राशीही पुष्कळ असतात, त्यामुळे पृष्ठभाग खरोखर छेदतात, शंकूसारखे. १९९० नंतर असे छेद जिथे पाहावं तिथे सापडू लागले. डोळ्यातल्या रेटिनलला प्रकाश पडल्यावर आकार बदलायला जे सुमारे २०० फेम्टोसेकंद लागतात, तेही असाच शंकू उतरून.

सोडियमच्या जागी सीझियम घातला की चित्र तेच राहतं आणि निकाल उलटतो. घाटा फक्त ०.८३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणून वक्र भेटतात १७ अँगस्ट्रॉमवर. एवढ्या अंतरावर दोन अणूंचे इलेक्ट्रॉनमेघ एकमेकांना जवळजवळ स्पर्शच करत नाहीत, जोडणी नगण्य होते आणि P एकाला टेकते. धक्कालहरीने तापवलेला सीझियमचा लवण-रेणू अणूंमध्ये नव्हे, आयनांमध्ये फुटतो. मूळ अवस्थेचा अडायबॅटिक वक्र कागदावर अणूंकडेच जातो. रेणू त्या वक्राने जातच नाही.