रिमोटवर असताना Yes तुम्हालाच का दाबावं लागतं?

रिमोट जोडून दिला की पुढचं सगळं आम्ही करू, असं समजून बरेच ग्राहक काउंटरवर किंवा जेवायला जातात. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

समजा, प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा आहे. आम्ही setup.exe वर डबल-क्लिक करतो. तुमच्याकडे स्क्रीन मंद होते आणि परवानगीची खिडकी येते. आमच्याकडे मात्र स्क्रीन काळी पडते किंवा आहे तिथेच थिजते. नेट गेलेलं नसतं. विंडोज ती खिडकी मुद्दाम वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडतं. साध्या परवानगीने चालणाऱ्या रिमोट प्रोग्रॅमला तो डेस्कटॉप दिसत नाही आणि तिथे क्लिकही करता येत नाही. नाहीतर कुठलाही व्हायरस स्वतःच Yes दाबून मोकळा झाला असता. त्यामुळे रिमोट बंद करून पुन्हा जोडू नका. काम पहिल्यापासून करावं लागतं. फोन उचला, खिडकीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा आणि प्रोग्रॅमचं नाव आम्ही सांगितलेलंच असेल तर Yes दाबा. खिडकी दिसत नसेल तर खाली टास्कबारवर ढालीचं चिन्ह लुकलुकतंय का ते पाहा. फार वेळ कोणी उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊन काम रद्द करतं.

Yes दाबल्यावरही एक अडचण उरते. इन्स्टॉलेशनची खिडकी आम्हाला दिसते, पण तिच्यावर आमचा माउस चालत नाही, कारण ती आता आमच्या प्रोग्रॅमपेक्षा वरच्या परवानगीने चालते. म्हणून सुरुवातच अशी करा: रिमोटच्या आयकॉनवर राइट-क्लिक, मग Run as administrator, मग Yes. आम्ही पाठवतो तो प्रोग्रॅम असा उघडला की पुढच्या परवानग्या आम्हाला इथूनच देता येतात.

खिडकीत Yes ऐवजी पासवर्ड मागितला, तर तुमचं खातं साधं आहे. ज्यांच्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड आहे त्यांना आधीच बोलावून ठेवा. पासवर्ड त्यांनी स्वतः टाइप करावा, आम्हाला फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू नये.

‘हे विचारणंच बंद करून टाका,’ असं अनेकजण म्हणतात. आम्ही ते करत नाही. आमची दहा मिनिटं वाचतील, पण त्यानंतर कुठल्याही प्रोग्रॅमला तुम्हाला न विचारता अ‍ॅडमिनचे अधिकार मिळतील. बिलिंगच्या मशीनवर हा धोका परवडणारा नाही.

वार्षिक करारातल्या मशीनवर आम्ही रिमोट प्रोग्रॅम विंडोजची सर्व्हिस म्हणून बसवतो. मग परवानगीची खिडकी आम्हालाही दिसते आणि तुम्हाला समोर बसावं लागत नाही. बसवताना मात्र एकदा तुमचा Yes लागतोच.