पडद्यावरचं अक्षर ते बोलणारा एडिटर: पार्श्वभूमी

डॉसच्या काळात दृष्टिहीन व्यक्तीला प्रोग्रामिंग करणं काही बाबतींत आजच्यापेक्षा सोपं होतं. पडद्यावर 25 ओळी आणि ओळीत 80 अक्षरं असायची. ही अक्षरं मेमरीत ठरलेल्या जागी साठवलेली असल्यानं स्क्रीन रीडर ती तिथूनच उचलून बोलत असे. विंडोजमध्ये अक्षरांची चित्रं झाली आणि हा सरळ रस्ता बंद झाला. 1997 साली मायक्रोसॉफ्टनं एमएसएए ही सोय आणली. यात प्रत्येक प्रोग्राम आपलं बटण कोणतं, मजकूर कोणता, हे स्क्रीन रीडरला स्वतः सांगतो. ज्यानं सांगितलं नाही, तो स्क्रीन रीडरपुरता मुका.

एडिटर निवडताना आजही नेमकं हेच आडवं येतं. पायथॉनसोबत मिळणारा IDLE नवशिक्यांना हमखास दिला जातो. पण तो ज्या टीके टूलकिटवर उभा आहे, ते विंडोजवर वर्षानुवर्षं ही माहिती देत नव्हतं. बाण दाबून ओळी बदलल्या तरी NVDA हा स्क्रीन रीडर ओळ वाचत नसेल, तर दोष बहुधा शिकणाऱ्याचा नसतो. सेटिंगशी झगडण्यापेक्षा एडिटर बदलावा.

वेगळी वाट टी. व्ही. रामन यांनी काढली. पुण्यात आणि आयआयटी मुंबईत शिकलेल्या या दृष्टिहीन संगणकतज्ज्ञानं 1995 मध्ये इमॅक्स या एडिटरसाठी इमॅकस्पीक प्रसिद्ध केलं. पडद्यावर काय दिसतं ते वाचण्याऐवजी ते थेट एडिटरलाच बोलतं करतं. त्यामुळे टिप्पणी एका आवाजात आणि कीवर्ड दुसऱ्या आवाजात ऐकू येतो. रंगांचं काम आवाज करतो, ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते.

2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी NVDA मोफत स्क्रीन रीडर म्हणून लिहायला घेतला, तोही बराचसा पायथॉनमध्ये. आज VS Code या एडिटरसोबत तो चांगला चालतो. एडिटर नीट वाचला जात नसेल, तर `Shift+Alt+F1` दाबून स्क्रीन रीडर मोड चालू करावा.

मात्र NVDA ची मूळ मांडणी गद्य वाचण्यासाठी आहे, कोडसाठी नाही. हे पाहा:

```python
for i in range(3):
    x = i * 2
  print(x)
```

चालवल्यावर `IndentationError` येतो आणि तिसरी ओळ दाखवली जाते. VS Code मध्ये `Ctrl+G` दाबून 3 टाइप केलं आणि `Enter` दाबलं की ती ओळ वाचली जाते, पण ऐकायला ती अगदी बिनचूक वाटते. कारण ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागा NVDA आपणहून बोलत नाही. डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंगमध्ये इंडेंटेशन बोलून सांगण्याचा पर्याय निवडला, की दुसऱ्या ओळीआधी चार आणि तिसरीआधी दोन जागा ऐकू येतात आणि चूक कळते. जागांची संख्या बदलली तरच ती बोलली जाते. दोन ओळींना शांतता असेल, तर त्या एकाच पातळीवर आहेत असं समजावं. हवं तर बोलण्याऐवजी सूर निवडता येतो, जागा वाढल्या की सूर बदलतो.

तसंच विरामचिन्हांचं. `NVDA+P` दाबत जाऊन पातळी ‘सर्व’वर आणली नाही, तर कंस आणि कोलन गाळले जाऊ शकतात, आणि `for` च्या शेवटी कोलन राहून गेला तरी ओळ पूर्ण ऐकू आल्यासारखी वाटते.