एमसी वाढती असणं वेगळं आणि एमसीने एमआरला खालून कापणं वेगळं, हे एकदाचं लिहून टाकतो

सांगली-साताऱ्याकडं बीए-बीकॉमच्या पोरांच्या वह्या बघा, नोट्स बघा, झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी ती पिवळी गाईडं बघा, मोनोपॉलीच्या गणिताखाली हमखास एक ओळ असते : "समतोलाच्या वेळी एमसी वाढती असली पाहिजे." आणि चार पानं मागं, पूर्ण स्पर्धेच्या धड्यात, हीच ओळ जशीच्या तशी. म्हणजे एका धड्यातली अट उचलून दुसऱ्या धड्यात चिकटवलीय, आणि कुणी विचारत नाही की मक्तेदाराची डिमांड उतरती झाली तर अट तशीच कशी राहील.

एमआर बरोबर एमसी हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. तरी एकदा मांडून ठेवू, पुढं लागणार आहे.

```
P  = a - bQ
TR = aQ - bQ²           MR = a - 2bQ
TC = F + cQ + dQ²       MC = c + 2dQ

MR = MC  →  Q = (a - c) / (2(b + d))
```

इथल्या दोन बारीकसारीक चुका जाता जाता सांगतो, त्यावर पान खर्च करण्यासारखं काही नाही. Q मिळाल्यावर किंमत डिमांडमध्ये घालून काढायची, एमआरमध्ये घालून नव्हे, एमआरमध्ये घातली तर एमआरच येणार ना भावा. आणि F डेरिव्हेटिव्ह घेताना उडतो, म्हणून तो नफ्यातूनही उडाला असं नसतं, शेवटी नफा मोजताना वजा करायचाच. झालं.

आता खरी गोची. उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. समजा एका तालुक्यात बेदाणा ठेवायला एकच कोल्ड स्टोरेज आहे (तासगाव पट्ट्यात प्रत्यक्षात अशी बरीच आहेत, पण आपल्याला मक्तेदार पाहिजे म्हणून एकच धरा). Q म्हणजे किती टन माल ठेवला, P म्हणजे टनामागचं भाडं. आकडे हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून घेतलेत, बाजारातले नाहीत. डिमांड सगळीकडं एकच ठेवतो, P = 120 − 2Q, म्हणजे MR = 120 − 4Q. बदलणार फक्त खर्च.

पहिला खर्च सगळ्यांच्या ओळखीचा. TC = 100 + 24Q + 2Q². एमसी 24 + 4Q, वाढती. 120 − 4Q = 24 + 4Q, म्हणजे Q १२, भाडं ९६, उत्पन्न ११५२, खर्च ६७६, नफा ४७६. ११ टनाला किंवा १३ टनाला नफा ४७२ येतो, दोन्हीकडं कमी, म्हणजे १२ बरोबर. इथं "एमसी वाढती पाहिजे" म्हणणारा आणि "एमसीने एमआरला खालून कापलं पाहिजे" म्हणणारा, दोघंही पास होतात. गोंधळ वर्षानुवर्षं टिकतो तो ह्यामुळंच, कारण गाईडातली झाडून सगळी गणितं ह्याच साच्यातली असतात, मग चुकीचा नियम पकडला जाणार कधी?

दुसरा खर्च घ्या. खोली एकदा थंड केली की प्रत्येक जादा टनाचा खर्च थोडा थोडा उतरत जातो असं समजा : TC = 100 + 80Q − Q². एमसी झाली 80 − 2Q, सरळसरळ उतरती.

```
120 - 4Q = 80 - 2Q
40 = 2Q
Q = 20,  P = 80
TR = 1600,  TC = 100 + 1600 - 400 = 1300
नफा = 300
```

गाईडवाला इथं लिहिणार, एमसी उतरतीय, अट पाळली जात नाही, हा समतोल धरायचा नाही. आणि पोरगं बरोबर आलेलं उत्तर खोडून टाकणार. पण जरा तपासून बघा की. १९ टनावर एमआर ४४ आणि एमसी ४२, म्हणजे अजून माल घेण्यात फायदा शिल्लक आहे. २१ टनावर एमआर ३६ आणि एमसी ३८, म्हणजे आता जादा टन अंगावर येतोय. मग थांबायचं कुठं, २० वरच. १९ ला आणि २१ ला नफा २९९, २० ला ३००. एमसी उतरत होती हे खरं, पण एमआर तिच्यापेक्षा जोरात उतरत होता, प्रत्येक टनामागं एमआर ४ ने खाली आणि एमसी २ ने खाली, त्यामुळं २० च्या आधी एमसी एमआरच्या खाली होती आणि २० नंतर वर गेली. खालून कापणं म्हणतात ते हेच. दोन्ही रेघा उतरत असतानाही एक दुसरीला खालून कापू शकते, हे डोक्यात बसत नसेल तर पट्टी घेऊन ग्राफ पेपरवर काढा, दोन मिनिटाचं काम आहे.

म्हणजे अट काय आहे? नफ्याचं दुसरं डेरिव्हेटिव्ह ऋण पाहिजे, आणि ते आपल्या साच्यात असं येतं :

```
π   = TR - TC = -F + (a - c)Q - (b + d)Q²
π'' = -2b - 2d = -2(b + d)
π'' < 0   म्हणजे   b + d > 0
```

एमसीचा उतार 2d, एमआरचा उतार −2b. अट एवढंच म्हणते की 2d हा −2b पेक्षा मोठा पाहिजे. d धन पाहिजे असं त्यात कुठंही नाही. d ऋण असला तरी चालतो, फक्त त्याचा आकार b पेक्षा छोटा पाहिजे. दुसऱ्या खर्चात b २ आणि d उणे १, बेरीज १, धन, विषय संपला.

मग "एमसी वाढती पाहिजे" आलं कुठून? पूर्ण स्पर्धेतून. तिथं एका विक्रेत्याला किंमत बाजारातून मिळते, मार्केट यार्डात एकट्या शेतकऱ्याने हळदीची पोती जास्त आणली म्हणून दर हलत नाही, तशी. म्हणजे b शून्य, एमआरची रेघ आडवी, तिचा उतार शून्य. आता तीच अट लावा, b + d > 0 मध्ये b शून्य घातला की उरतं d > 0, म्हणजे एमसी वाढती. तिथं ती ओळ शंभर टक्के बरोबर आहे. पण तो मूळ अटीचा एक खास प्रकार आहे, मूळ अट नव्हे. मक्तेदाराकडं b शून्य नसतो, त्याच्या हातात डिमांडची पूर्ण उतरती रेघ असते, म्हणून त्याला d च्या बाबतीत थोडी सूट मिळते, आणि ती सूट बरोबर b एवढी असते. माझं स्पष्ट मत आहे की शिकवताना मोनोपॉलीची अट आधी सांगावी आणि स्पर्धा नंतर b शून्य करून दाखवावी, उलट्या क्रमाने शिकवलं की हा घोळ व्हायचाच.

आता तिसरा खर्च, हा सगळ्यात बेरकी. TC = 100 + 130Q − 3Q², आणि स्टोरेजची क्षमता २० टन. एमसी 130 − 6Q.

```
120 - 4Q = 130 - 6Q
2Q = 10
Q = 5,  P = 110
TR = 550,  TC = 100 + 650 - 75 = 675
नफा = -125
```

एमआर बरोबर एमसी, Q धन, P धन, सगळं कसं नीटनेटकं दिसतंय, पोरं खाली दोन रेघा मारून पुढच्या प्रश्नाला जातात. पण ४ टनाला तोटा १२४ आहे आणि ६ टनालाही १२४, म्हणजे ५ ही आजूबाजूची सगळ्यात वाईट जागा निघाली. b + d आलं 2 − 3, उणे १, आणि π'' आला अधिक २. हा तळ आहे, शिखर नाही. ४ वर एमआर १०४ आणि एमसी १०६, ६ वर एमआर ९६ आणि एमसी ९४, म्हणजे एमसीने एमआरला वरून कापलंय.

ह्या वेळी π'' न काढताही एक खूण दिसते, ती बघायची सवय लावा. सूत्रात वर a − c आहे, 120 − 130, उणे १०. खाली 2(b + d), उणे २. उणे भागिले उणे, उत्तर अधिक ५. दोन ऋण चिन्हांनी एकमेकांना झाकून टाकलं आणि उत्तर साळसूद दिसायला लागलं. म्हणून मी म्हणतो थेट Q लिहू नका, आधी छेद लिहा, त्याचं चिन्ह बघा, छेद ऋण असेल तर तिथंच थांबा, तो Q नफ्याचा नाहीच.

मग ह्या मालकाने करायचं काय? नफ्याचा वक्र वाटीसारखा असला की शिखर मध्ये कुठं नसतंच, ते टोकांवर शोधायचं. माल अजिबात घेतला नाही तर तोटा १००, F एवढा. पूर्ण २० टन भरलं तर भाडं ८०, उत्पन्न १६००, खर्च 100 + 2600 − 1200 म्हणजे १५००, नफा १००. म्हणजे खोली ठासून भरायची. आणि लक्षात घ्या, त्या २० वर एमआर ४० आणि एमसी १०, दोन्ही समान नाहीत, तरी उत्तर तेच, कारण पुढं जागाच नाही. अशा गणितात क्षमता दिलेली नसेल तर मला पेपर काढणाऱ्याचाच राग येतो, कारण d ऋण असलेला हा खर्च फार पुढं ताणता येत नाही, Q २१.६७ च्या पुढं एमसीच ऋण होते, म्हणजे जादा टन ठेवला की खर्च कमी होतो असं काहीतरी अचाट निघतं.

अजून एक खटकणारी सवय, पोरं दुसरं डेरिव्हेटिव्ह घेतात पण TC चं घेतात. तिसऱ्या खर्चात ते −6 येतं, ऋण बघून लगेच "म्हणून महत्तम" लिहून मोकळी, आणि उत्तर नेमकं उलटं. दुसऱ्या खर्चात तर TC चं दुसरं डेरिव्हेटिव्ह −2 आणि नफ्याचंही −2, निव्वळ योगायोग, त्यामुळं चुकीच्या वाटेनं जाऊनही बरोबर वाक्य लिहिलं जातं आणि तपासणारा मार्क देऊन टाकतो. ऋण पाहिजे ते नफ्याचं. TC ची अट वेगळी काढायचीच असेल तर TC'' हा TR'' पेक्षा मोठा पाहिजे असं लिहा, इथं −2 हा −4 पेक्षा मोठा, तिकडं −6 हा −4 पेक्षा छोटा.

b + d शून्य आलं तर? रेघा समांतर, a आणि c वेगळे असतील तर एमआर आणि एमसी कुठंच भेटत नाहीत, सूत्रात छेद शून्य होतो, परत टोकं बघायची. आणि π'' ऋण आला म्हणजे नफा झालाच असंही नसतं हं, पहिल्या खर्चात F १०० ऐवजी ७०० करा, Q १२ च राहतो, π'' उणे ८ च राहतो, आणि मालक १२४ च्या तोट्यात असतो. तोटा आहे म्हणून तो १२ टन सोडून शून्यावर गेला तर तोटा १२४ वरून ७०० वर जाईल, म्हणजे थोड्या काळापुरतं तरी त्यानं १२ वरच राहायचं.